फुटेज नसताना सिझल टीझर कसा लिहायचा: दोन पानं, ८५ सेकंद, एक प्रश्न

पटकथा हातात आहे, पैसे नाहीत आणि दाखवायला एकही शॉट नाही. अशा वेळी गुंतवणूकदारापुढे जो कागद ठेवायचा, ती सिझल टीझरची, म्हणजे पैसे लावणाऱ्याला सिनेमाची ओढ लावणाऱ्या छोट्या झलकेची, संकल्पना. असे बरेच कागद माझ्या वाचनात येतात आणि बहुतेकांत एकच घोटाळा असतो: टीझरच्या नावाखाली सिनेमाची गोष्ट आटवून लिहिलेली असते. मीही पहिल्यांदा तेच केलं होतं. तीन पानांत सगळी गोष्ट, शेवटासकट. समोरच्या गृहस्थांनी शांतपणे वाचलं आणि म्हणाले, "छान. बघून झाला सिनेमा." पैसे अर्थातच आले नाहीत.

पुढचे टप्पे दिलेल्या क्रमानेच करा. क्रम बदलला की काय बिघडतं तेही जागोजागी सांगितलं आहे. समजायला सोपं जावं म्हणून एकच काल्पनिक सिनेमा शेवटपर्यंत वापरतो. त्याचं कामचलाऊ नाव ‘सांडवा’. मातीच्या धरणावर रात्रपाळीला एकटी असलेली ऑपरेटर सुधा. पाणी धोक्याच्या रेषेकडे चढतंय. दरवाजे उघडले तर खालचा पूल बुडणार आणि त्या पुलावरून एक अख्खी वस्ती पलीकडे जाते आहे. दरवाजे उघडले नाहीत तर पाणी धरणावरून वाहू लागेल, आणि मातीचं धरण ते फार वेळ सोसत नाही.

## १. कागदाला हात लावण्याआधी

तीन गोष्टी तयार हव्यात. पहिली, पूर्ण पटकथा. निदान सीनवार ट्रीटमेंट तरी. टीझर आवडला की पुढचं वाक्य ठरलेलं असतं: "पटकथा पाठवा." तेव्हा "लिहितोय" म्हणालात तर संकल्पना कितीही चांगली असली तरी ती हवेतली ठरते.

दुसरी, हक्क. गोष्ट कादंबरीवर, बातमीवर किंवा कुणाच्या आयुष्यावर बेतलेली असेल तर परवानगी कागदावर हवी. तोंडी होकार चालत नाही, कारण गुंतवणूकदाराचा वकील पहिल्याच भेटीनंतर तेवढंच विचारतो.

तिसरी, ढोबळ बजेट. टीझर लिहायला बजेट कशाला, असं वाटेल. पण सिनेमात ज्या गोष्टीला पैसा नाही ती टीझरमध्ये लिहिलीत तर तुम्ही नकळत खोटं आश्वासन देता. ‘सांडवा’च्या पहिल्या मसुद्यात पुराचा लोंढा गावात शिरतो असा शॉट लिहायचा मोह कुणालाही होईल. बजेट आधी केलेलं असेल तर तो मोह तिथेच मरतो.

तपासणी: टीझरमध्ये घ्यायचा प्रसंग पटकथेत कुठल्या पानावर आहे ते दाखवता येतं का? टीझरसाठी नवाच प्रसंग रचावा लागत असेल तर अडचण टीझरमध्ये नाही, पटकथेत आहे.

## २. वाचणारा कोण, ते एका ओळीत लिहा

हा टप्पा लहान आहे, पण टाळू नका. सिनेमाच्या धंद्यातला माणूस वाचत असेल तर त्याला प्रकार आणि प्रेक्षक लगेच कळले पाहिजेत. धंद्याबाहेरचा माणूस आपला खाजगी पैसा लावणार असेल तर त्याची भीती साधी असते: हे लोक सिनेमा पुरा करतील का? एकच कागद दोघांना चालतो, मात्र दुसऱ्या पानाचा रोख बदलतो. पहिलं पान, म्हणजे प्रत्यक्ष टीझर, दोघांसाठी तेच राहतं.

## ३. एक प्रश्न शोधा

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा. मी लिहिण्यापेक्षा जास्त वेळ यात घालवतो.

पटकथेतले दहा क्षण कागदावर काढा. मग तीन वेळा काट मारा. पहिल्या फेरीत, पूर्वपीठिका सांगितल्याशिवाय समजत नाहीत ते क्षण काढा. दुसऱ्या फेरीत, बजेटमध्ये न बसणारे काढा. तिसऱ्या फेरीत, ज्यांत प्रश्नाचं उत्तर मिळून जातं ते काढा. एखाद-दुसरा उरतो. एकही उरला नाही तर दुसऱ्या फेरीत कापलेले क्षण परत घ्या आणि तोच ताण स्वस्तात कसा दाखवता येईल, असं स्वतःला विचारा.

‘सांडवा’मध्ये सुधाचं तिच्या वरिष्ठांशी भांडण, तिच्या वडिलांची याच धरणावरची नोकरी, गावात शिरणारं पाणी, नंतरची चौकशी असे क्षण होते. वरिष्ठांशी भांडण कळायला आधीची कहाणी लागते, वडिलांचंही तसंच. पाणी परवडत नाही. चौकशी आली की तिने काय केलं ते कळून जातं. उरला एक क्षण: पुलावरून एक मुलगा फोनवर माणसं मोजतोय आणि सुधा ते आकडे ऐकत पाण्याची पातळी बघतेय.

दोन आकडे, दोन्ही चढणारे. एक वाढतो तेव्हा जीव भांड्यात पडतो, दुसरा वाढतो तेव्हा पोटात गोळा येतो. प्रश्न एकच: कुठला आकडा आधी पोहोचेल? सुधा कोण, मुलगा कोण, धरण कुठलं, यातलं काहीही माहीत नसलेल्या माणसालाही हा प्रश्न पकडतो. शिवाय लोंढ्याचा प्रश्नही इथेच सुटला. पाणी दाखवायची गरजच नाही, ते आकड्यात आहे. "पूर कसा दाखवणार?" असं गुंतवणूकदार विचारणारच होता, त्याचं उत्तर त्याला टीझर वाचतानाच मिळालं.

सावधान: "माणूस आणि निसर्ग यांचा संघर्ष" हा प्रश्न नाही, विषय आहे. ज्याचं उत्तर हो किंवा नाही असं, किंवा एखाद्या आकड्यात देता येतं, तोच टीझरला चालणारा प्रश्न.

## ४. घाट ठरवा

साधारणपणे तीन घाट असतात. एकच सलग प्रसंग, वेगवेगळ्या क्षणांची माळ, किंवा आवाजावर उभा राहिलेला टीझर, ज्यात ऐकू येतं एक आणि दिसतं दुसरंच. माळ सगळ्यांना आवडते कारण लिहायला सोपी, पण कागदावर ती सर्वात कमजोर ठरते. पडद्यावर माळेला संकलन आणि संगीत जोडून ठेवतात. कागदावर ते दोन्ही नसतात, म्हणून वाचणाऱ्याला नुसती यादी दिसते. फुटेज नसेल तेव्हा सलग प्रसंग किंवा आवाज यांपैकी एक निवडा. ‘सांडवा’मध्ये दोन्ही एकत्र येतात.

दुसऱ्यांच्या सिनेमांतले तुकडे जोडून टीझर करायचा विचार असेल तर थांबा. हक्कांचा प्रश्न आहेच, असा तुकडा जाहीरपणे कुठेही टाकता येत नाही. पण माझा आक्षेप वेगळा आहे. त्यातून एवढंच सिद्ध होतं की दुसऱ्यांना चांगले सिनेमे करता येतात.

## ५. आधी तक्ता, मग गद्य

इथे नव्वद टक्के लोक उलटं करतात. आधी सुंदर परिच्छेद लिहितात, मग त्यात सेकंद बसवायला जातात, आणि ९० सेकंदांचा म्हणून लिहिलेला टीझर चार मिनिटांचा निघतो. आधी वेळ, चित्र आणि ध्वनी असा तक्ता करा. टीझर ६० ते १२० सेकंदांत संपवा. सावकाश बोललं तर मिनिटाला साधारण १०० ते १२५ शब्द होतात, आणि टीझरमध्ये निम्मा वेळ शांतता हवी. म्हणजे ९० सेकंदांत संवादाला फार तर ७५ ते ९५ शब्द मिळतात. तेवढ्यात बसत नसेल तर संवाद कापा, टीझर लांबवू नका.

‘सांडवा’चा तक्ता असा:

०:०० ते ०:१०. चित्र: काळा पडदा. ध्वनी: पत्र्यावर पाऊस. फोन वाजतो, उचलला जातो. मुलाचा आवाज: "ताई, मी पुलावर पोचलो. मोजू?" सुधा: "मोज. एकूण किती आहेत?" "तीनशे चाळीस."

०:१० ते ०:३०. चित्र: कंट्रोल रूम. पाच दरवाजांची पाच बटणं. भिंतीवर घड्याळ, २:१०. पातळी दाखवणारा आकडा, ६३.५२. त्याखाली हाताने चिकटवलेली लाल पट्टी, ६४.००. ध्वनी: स्पीकरवर मुलगा मोजतोय, "एकोणचाळीस... चाळीस... एक्केचाळीस..."

०:३० ते ०:५५. चित्र: घड्याळ २:४०. आकडा ६३.८१. सुधाचा चहा तसाच पडून. टेबलाच्या कंपनाने कपातल्या चहावर वलयं उठताहेत. ध्वनी: "एकशे सत्याऐंशी... ताई, एक आजोबा परत फिरलेत." सुधा: "त्यांना मोजू नकोस."

०:५५ ते १:१५. चित्र: घड्याळ ३:०५. आकडा ६३.९८. सुधाचा अंगठा पहिल्या बटणावर, दाबलेला नाही. ध्वनी: "तीनशे बारा... तीनशे..." मुलगा थांबतो. फक्त पाऊस.

१:१५ ते १:२५. चित्र: सुधा फोनकडे बघते. काळा पडदा. नाव. ध्वनी: बटण दाबल्यासारखा एक खटका, किंवा फोन ठेवल्याचा. कुठला ते कळत नाही.

घड्याळाबद्दल थोडं सांगतो. पहिल्या मसुद्यात मी घड्याळ दाखवलंच नव्हतं, पातळी ९० सेकंदांत अर्धा मीटर चढत होती. एका अभियंता मित्राला वाचायला दिलं तर तो मनापासून हसला. पैसे लावणाऱ्यांत धरण जाणणारा कुणी निघाला असता तर सगळा डाव तिथेच उधळला असता. घड्याळाच्या तीन शॉट्सनी तासाभराचा काळ बसला आणि खर्च काहीच वाढला नाही. तुमच्या विषयाचा जाणकार शोधा आणि त्याला फक्त हा तक्ता दाखवा, पटकथा नको.

तपासणी: तक्त्यातला ध्वनीचा भाग झाकून फक्त चित्र वाचा, मग उलट करा. दोन्ही वेळा सगळंच समजत असेल तर तुम्ही एकच गोष्ट दोनदा सांगताय.

## ६. तक्त्याचं गद्य करा

गुंतवणूकदाराच्या हातात तक्ता द्यायचा नाही. तो तुमच्यासाठी. त्याला द्यायचं ते अर्ध्या ते पाऊण पानाचं गद्य, वर्तमानकाळात, जे दिसतं आणि ऐकू येतं तेवढंच सांगणारं.

वाईट नमुना बघा:

"कॅमेरा हळूहळू सुधाच्या चेहऱ्यावर झूम होतो. तिच्या मनात प्रचंड कालवाकालव सुरू आहे. अंगावर काटा आणणारं संगीत वाजतं. तिला आपल्या कर्तव्याची जाणीव होते, पण शेकडो निष्पाप जिवांचा विचार तिला अस्वस्थ करतो."

यातलं काय चित्रित करणार? कालवाकालव दिसत नाही, कर्तव्याची जाणीवही दिसत नाही. "अंगावर काटा आणणारं" हे वाचणाऱ्याने ठरवायचं, लिहिणाऱ्याने नाही. आणि कॅमेऱ्याच्या सूचना वाचताना धंद्याबाहेरचा माणूस गोष्टीतून बाहेर पडतो.

आता तेच पुन्हा:

"आकडा ६३.९८. सुधाचा अंगठा बटणावर आहे, दाबलेला नाही. स्पीकरवर मुलगा मोजतोय. तीनशे बारा. तीनशे... आणि आवाज थांबतो. फक्त पाऊस. सुधा फोनकडे बघते."

एकही विशेषण नाही. कालवाकालव वाचणाऱ्याच्या पोटात होते, आणि ती तिथेच व्हायला हवी.

संगीताबद्दल एकच वाक्य पुरे, तेही ठोस. इथे "संगीत नाही, पाऊस आणि आकडे" हेच संगीत. प्रसिद्ध गाण्याचं नाव लिहू नका. ते गाणं मिळणार नाही आणि मिळालं तर बजेट खाईल.

सावधान: ज्यांनी सही केलेली नाही अशा कलाकारांची नावं किंवा फोटो या कागदावर नकोत. "अमुक अभिनेत्रीशी बोलणी सुरू" हेही नको. एक फोन लावून खात्री करणं गुंतवणूकदाराला अवघड नसतं.

## ७. दुसरं पान: टीझरपासून सिनेमापर्यंत

पहिल्या पानाने ओढ लावली. दुसऱ्या पानाने हिशेब दाखवायचा, पण फक्त टीझरशी जोडलेला. सविस्तर बजेट वेगळं असतं. इथे चार गोष्टी, प्रत्येकी दोन-तीन वाक्यांत: सिनेमा कुठल्या प्रकारचा आणि कुणासाठी; टीझरमधला प्रसंग सिनेमात कुठे येतो; सिनेमाचा मोठा भाग कुठे घडतो; आणि आत्ता नेमकं काय मागतो आहोत.

‘सांडवा’चा तिसरा मुद्दा मी असा लिहीन: "सिनेमाचा बहुतांश भाग याच खोलीत घडतो. ही खोली सेट म्हणून उभारायची आहे. पूल दोन प्रसंगांत दिसतो, दोन्ही रात्रीचे, पाणी चढण्याआधीचे. पूर दिसत नाही, ऐकू येतो." बघा, "दोन प्रसंगांत दिसतो" हे लपवलेलं नाही. टीझर वाचून एखाद्याचा समज होईल की सगळा सिनेमा खोलीतच आहे. नंतर पूल निघाला तर त्याला फसल्यासारखं वाटेल. अवघड भाग स्वतःहून सांगितला की बाकीच्या आकड्यांवरही विश्वास बसतो.

चौथ्या मुद्द्यात सर्रास गोंधळ होतो. टीझर चित्रित करायला पैसे हवेत की सिनेमाला? दोन्ही एकाच वाक्यात मागू नका. टीझर चित्रित करायचा असेल तर तो किती दिवसांत, किती कलाकारांत होईल ते सांगा. इथे एक खोली, एक कलाकार, एक आवाज, एक दिवस. आणि परतावा किती मिळेल ते या कागदावर लिहूच नका. नफ्याची आश्वासनं देऊन पैसे गोळा करण्याबाबत बहुतेक देशांत कायदे आहेत, तो भाग वकिलाने केलेल्या वेगळ्या कागदात जातो.

यश मिळवलेल्या सिनेमांशी तुलना करायचीच असेल तर आकाराने तुमच्याएवढ्यांशी करा. एका खोलीतल्या सिनेमाची तुलना शंभरपट बजेटच्या सिनेमाशी केली की वाचणाऱ्याला तुमचा अंदाज कळतो, सिनेमा कळत नाही.

## ८. बाहेर पाठवण्याआधी तीन चाचण्या

पहिली घड्याळाची. पहिलं पान मोठ्याने वाचा, थांबण्याच्या जागा घेऊन. टीझर ८५ सेकंदांचा असेल आणि वाचायला तीन मिनिटं लागत असतील तर गद्यात चरबी आहे. दोन मिनिटांच्या आत वाचून व्हायला हवं.

दुसरी आठवणीची. सिनेमाशी संबंध नसलेल्या माणसाला एकदा वाचू द्या, कागद परत घ्या आणि दुसऱ्या दिवशी विचारा, काय आठवतंय? "तो मुलगा मोजत असतो" असं आलं तर जमलं. "धरणाबद्दल काहीतरी होतं" असं आलं तर तिसऱ्या टप्प्यावर परत जा. शब्द घासूनपुसून हे दुरुस्त होत नाही.

तिसरी चाचणी मला सगळ्यात उपयोगी वाटते. वाचून झाल्यावर माणूस पहिला प्रश्न काय विचारतो ते शब्दशः लिहून ठेवा. "मग पुढे?" असेल तर उत्तम. "म्हणजे ती एकटीच का? वरिष्ठ कुठे आहेत?" असं असेल तर तुम्ही नको तो प्रश्न उघडा ठेवलाय. ‘सांडवा’त हा दुसरा प्रश्न दोघांनी विचारला, तेव्हा सुरुवातीला एक ओळ टाकावी लागली. सुधा म्हणते, "रस्ता गेलाय, साहेब पोचत नाहीत." सात सेकंद वाढले, म्हणून कपातल्या वलयांवर रेंगाळायचं कमी केलं आणि टीझर पुन्हा ८५ सेकंदांवर आणला.

## ९. भेटीत कागद कधी द्यायचा

आल्याआल्या नाही. हातात कागद दिला की समोरचा वाचतो आणि तुम्ही बोलत राहता, म्हणजे दोन्ही वाया. आधी एका वाक्यात सिनेमा सांगा. मग पहिलं पान स्वतः वाचून दाखवा, ऐकणाऱ्याने मोबाइल बाजूला ठेवल्यावर. सहा-आठ स्टोरीबोर्ड चित्रं असतील तर वाचताना दाखवू नका, नंतर दाखवा. चित्रं आली की ऐकणारा तुमची चित्रं बघतो आणि त्याच्या डोक्यात तयार झालेलं, बहुधा अधिक चांगलं, चित्र पुसलं जातं.

वाचून झालं की गप्प बसा. हे फार जड जातं. शांतता झाली की आपण लगेच शेवट सांगायला लागतो, "म्हणजे नंतर काय होतं माहितीये का..." तो विचारेपर्यंत सांगू नका. विचारलं तर पूर्ण सांगा, लपवू नका. पैसे लावणाऱ्याला शेवट कळण्याचा हक्क आहे, प्रेक्षकाला नाही. दुसरं पान त्यानंतर त्याच्या हातात द्या, आणि पटकथेची प्रत पिशवीत असू द्या.